‘ह्याला मसाल्याचा वासच नाही’ हे डिझायनरला कसं लिहायचं?

प्रश्न: आमचं साताऱ्यात मसाले, पापड आणि लोणच्यांचं दुकान आहे. सासूबाईंनी सुरू केलेलं, आता मी चालवते. पहिल्यांदाच डिझायनरकडून लोगो करून घेतेय. तिने पाठवलेला मसुदा सोबत जोडलाय: हिरवं गोल, आत पान, खाली इंग्रजीत मोठं नाव आणि त्याखाली बारीक मराठी. मला तो आवडला नाही. मराठी नाव वाचताना काहीतरी खटकतं. सासूबाई तर म्हणाल्या, “ह्याला मसाल्याचा वासच नाही.” मी तिला “थोडं उठावदार करा” असं कळवलं, तर हिरवा गडद करून तेच परत आलं. डिझाइनमधले शब्द मला येत नाहीत. नेमकं काय लिहू?

उत्तर:

ताई, सासूबाईंचं वाक्य जसंच्या तसं लिहा. तुमच्या सगळ्या मजकुरात डिझायनरच्या सर्वांत जास्त कामाचं तेच आहे. “उठावदार करा” यात तिच्या हाताला लागेल असं काहीच नव्हतं, म्हणून जे चटकन बदलता येतं ते तिने बदललं. “वास नाही” हे ऐकल्यावर मात्र तिला थांबून विचार करावा लागेल, की मसाल्याच्या दुकानाचं चित्र मी इतकं कोरडं आणि थंड का काढलं?

शिंप्याकडे ब्लाउज घालून बघताना आपण “काखेत काचतंय, हात वर केला की पाठ वर सरकते” असं सांगतो. कुठली शिवण किती उसवायची ते तो ठरवतो. लोगोच्या बाबतीत मात्र लोक नेमकं उलटं करतात. काय काचतंय ते सांगत नाहीत आणि “नाव मोठं करा, लाल करा, पान डावीकडे घ्या” असे हुकूम पाठवतात. डिझायनर ते पाळते, लोगो आणखी बिघडतो आणि मूळचं काचणं तसंच राहतं. तुम्हाला जे जाणवतंय ते बहुतेक वेळा खरंच असतं. त्यावरचा तुम्ही सुचवलेला उपाय मात्र चुकीचा असू शकतो. म्हणून चिठ्ठीत जाणवलेलं सगळं लिहायचं आणि उपाय तिच्यावर सोडायचा.

बावीस वर्षं मी दुकानांच्या पाट्या, पाकिटं आणि लोगोंचं काम करतोय. सुरुवातीच्या काळात एका दूध डेअरीच्या मालकांनी माझा मसुदा बघून एवढंच सांगितलं होतं, “हे रडल्यासारखं दिसतंय.” मी दोन दिवस रंग बदलत बसलो. तिसऱ्या दिवशी कागद भिंतीवर लावून लांबून बघितला तेव्हा कळलं. नाव मी कमानीसारखं वळवलं होतं, दोन्ही टोकं खाली आणि मध्य वर. वर दोन गोल ठिपके होते. डोळे आणि खाली पडलेलं तोंड, असा सरळ रडका चेहरा तयार झाला होता. मालकांना कमान, वळण, मांडणी यातला एकही शब्द माहीत नव्हता, तरी दोष त्यांनीच पकडला होता. तेव्हापासून गिऱ्हाईक “अमुकसारखं दिसतंय” म्हणालं की मी ते शब्द आधी लिहून घेतो.

आता तुमच्या मसुद्याकडे येऊ. नुसतं “आवडलं नाही” इथपर्यंत पोचला असाल, तर त्याच्या पुढे जायला एक सोपी युक्ती आहे. मसुदा कागदावर छापून घ्या आणि एकेक भाग अंगठ्याने झाका. आधी पान झाका, मग इंग्रजी नाव, मग मराठी नाव. शेवटी तोच कागद काळ्या-पांढऱ्यात छापून रंगही काढून टाका. प्रत्येक वेळी स्वतःला विचारा, खटकणं कमी झालं का? ज्या भागाबरोबर खटकणं जातं तिथेच काहीतरी आहे. का आहे ते तुम्हाला कळायची गरज नाही, कुठे आहे एवढं सांगता आलं तरी पुरे.

दुसरी युक्ती दुकानातली आहे. नाव झाकून फक्त चित्र पाच-सहा गिऱ्हाइकांना दाखवा आणि विचारा, “हे दुकान कसलं असेल?” “आवडलं का?” असं अजिबात विचारू नका. त्यावर माणसं तुमचं मन राखून बोलतात आणि ते उत्तर कुणाच्याच कामाला येत नाही. एकेकाला वेगळं विचारा, कारण घोळक्यात पहिला जे बोलतो तेच बाकीचे बोलतात. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं तर हेच होतं. उत्तरं त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा.

तुमचं चित्र बघून माझी पक्की खात्री आहे की निम्मे तरी लोक “आयुर्वेदिक औषधांचं दुकान” म्हणतील. हिरवा रंग, गोल, पान आणि भोवती भरपूर पांढरी मोकळी जागा हा वेष गेली कित्येक वर्षं काढे, चूर्ण आणि हर्बल साबणवाल्यांनी घातलाय. बघणाऱ्याच्या डोक्यात तो त्यांच्या नावावर जमा झाला आहे. शिवाय तुमच्या पाकिटावर शाकाहारी पदार्थाची खूण येणारच आहे, म्हणजे हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका. तिच्या शेजारी दुसरा हिरवा गोल ठेवला की दोन्ही एकमेकांत मिसळतात. आणि हे सगळं कांदा-लसूण मसाल्याच्या विटकरी लाल पाकिटावर बसणार. सासूबाईंना वास का आला नाही ते इथे उलगडतं. त्यांच्या नाकात तळलेला कांदा आणि कुटलेली मिरची आहे, समोर मात्र दवाखान्यासारखं स्वच्छ काहीतरी आलं.

पण हे विश्लेषण चिठ्ठीत घालू नका. “तिघांना औषधाचं दुकान वाटलं” एवढं लिहा. पुढचं ती जाणते.

“मराठी नाव वाचताना काहीतरी खटकतं” याबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहितो. तुम्हाला ते सांगता आलं नाही यात नवल नाही, कारण तिथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी खटकतायत.

पहिली म्हणजे तुमच्या नावातला ‘ल’. मसुद्यातला ‘ल’ बघा, त्याला उजवीकडे उभा दांडा आहे. हे हिंदीतलं वळण. आपण शाळेत गिरवला तो पाकळ्यांचा ‘ल’, दोन पाकळ्या आणि मधून खाली येणारा देठ. ‘श’चंही असंच मराठी आणि हिंदी वळण वेगळं आहे. राज्य सरकारने २००९ साली प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढला तेव्हा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हीच रूपं मराठीसाठी सांगितली. गडबड अशी होते की संगणकात दोन्ही ‘ल’ टाइप करायची कळ एकच आहे आणि बऱ्याच फॉन्टमध्ये आधी हिंदी रूपच उमटतं. मराठी रूप पुष्कळदा त्याच फॉन्टमध्ये असतं, पण ते मुद्दाम निवडावं लागतं. डिझायनरने नाव बरोबर टाइप केलं, शुद्धलेखनाची चूक नाही, म्हणून तिच्या लक्षातही आलं नसेल. तुम्हाला मात्र आपलंच नाव कुणीतरी परक्या उच्चाराने घेतल्यासारखं वाटतं. असं वाटलं तर तेच लिहा, आणि जुन्या पाटीवरचा ‘ल’ शेजारी फोटो काढून जोडा. दोन ‘ल’ शेजारी दिसले की पुढे काही समजवावं लागत नाही.

दुसरी गोष्ट, नाव सुटंसुटं झालंय. इंग्रजी नावाच्या रुंदीला बरोबर बसावं म्हणून तिने मराठी अक्षरांमध्ये अंतर सोडलं आहे. इंग्रजी अक्षरं मुळातच वेगळी उभी असतात, त्यामुळे त्यांच्यात अंतर सोडलं तर ती ऐटदार दिसतात. आपली अक्षरं वरच्या रेघेला टांगलेली असतात. अंतर सोडलं की ती शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. मग नाव वाचताना लहान मूल अक्षर लावून वाचतं तसं अडखळायला होतं. इथेही “शिरोरेघ जोडा” असं लिहायची सक्ती नाही. “नाव एका दमात वाचलं जात नाही, अक्षर-अक्षर वाचावं लागतं” हे पुरेसं आहे, कारण ती कदाचित अंतर कमी करेल, कदाचित अक्षरंच जाड आणि रुंद काढेल. दुसरा उपाय जास्त चांगला ठरू शकतो आणि तो तुम्हाला सुचणारही नाही.

राहिला मराठी नाव बारीक असण्याचा मुद्दा. हा आवडीनिवडीचा नाही, मोजून दाखवता येतो. मसुद्यात मराठी अक्षरांची उंची पूर्ण लोगोच्या उंचीच्या साधारण पंधराव्या भागाइतकी आहे. तुमची पाटी तीन फूट उंच धरली आणि लोगो तिच्यावर तीस इंच उंच बसवला, तर मराठी अक्षरं दोन इंचांची होतील. पाट्या बनवणारे ढोबळ हिशेब असा धरतात की दहा फुटांवरून आरामात वाचायला अक्षर एक इंच उंच हवं. म्हणजे दोन इंचांचं अक्षर वीस फुटांपर्यंत. तेही मात्रा-वेलांट्या सोडून, फक्त शिरोरेघेपासून खालचं अक्षर मोजलं तर. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला, चाळीस फुटांवरून, तुमचं मराठी नाव वाचता येणार नाही. शिवाय २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकान कितीही लहान असलं तरी पाटीवर देवनागरीत मराठी नाव लागतं आणि दुसऱ्या भाषेतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी असून चालत नाहीत. हा लोगो जसाच्या तसा पाटीवर चढवताच येणार नाही. हे तिला स्पष्ट सांगा. कामाची ही अट तिला सुरुवातीलाच कळायला हवी होती आणि ती सांगायची राहिली असेल तर ती चूक तुमच्या बाजूची आहे, तेही मोकळेपणाने लिहा.

आणखी एक चाचणी दुकानातच होईल. बिलाच्या छोट्या मशीनवर लोगो छापून बघा. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक ती सोय असते. ते मशीन उष्णतेने कागद काळा करतं, त्याला करडा रंग माहीत नाही. पानाच्या बारीक शिरा आणि फिकट होत जाणारा हिरवा तिथे ठिपक्यांचा चिखल होऊन येईल. ती पट्टी कापून फोटो पाठवा. त्यावर एकही शब्द लिहायची गरज पडत नाही.

आता “वास हवा” म्हणजे नक्की काय हवं, हे तिला कुठून कळणार? तुमच्या दुकानातून. मला तुमच्याकडून तीन-चार फोटो आले असते तर मी पहिल्याच मसुद्यात वेगळ्या वाटेने गेलो असतो. सासूबाई ज्या डब्यातून मसाला मोजून देतात तो डबा, डंखावर कुटलेली मिरची परातीत पसरलेली असते ती, पापडाची चळत आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुनी रंगवलेली पाटी. जुन्या पेंटरांनी चपट्या ब्रशने काढलेल्या अक्षरांत एक भरीवपणा असतो. ब्रश वळतो तिथे रेघ जाड होते, उचलतो तिथे निमुळती होते. सासूबाईंना दुकान म्हटलं की तीच अक्षरं आठवत असणार. पाटी तशीच्या तशी हवी असं म्हणू नका, फक्त “गिऱ्हाईक आम्हाला ह्या पाटीने ओळखतं” एवढं सांगून फोटो द्या. दुसऱ्या कुणाचा लोगो पाठवायचा मोह झालाच, तर त्यात नेमकं काय आवडलं ते एका वाक्यात लिहा, नाहीतर त्याची नक्कल हातात येईल.

हे सगळं धरून चिठ्ठी साधारण अशी होईल. गिऱ्हाइकांची उत्तरं मी अंदाजाने भरली आहेत, तिथे तुमची खरी घाला.

“नमस्कार. दोन्ही मसुदे मिळाले. मागच्या वेळी मी नुसतं ‘उठावदार करा’ लिहिलं, त्यातून तुम्हाला काही कळणं शक्य नव्हतं. ह्या आठवड्यात लोगो दुकानात लावून बघितला. काय दिसलं ते लिहिते, उपाय तुम्ही ठरवा.

मांडणीत गर्दी नाही, ते मला आवडलंय. पुढच्या मसुद्यातही तसंच राहू द्या.

नाव झाकून पाच गिऱ्हाइकांना विचारलं, दुकान कसलं असेल? तिघं म्हणाले आयुर्वेदिक औषधांचं, एक जण रोपांचं, एकीला सांगता आलं नाही. मसाला कुणीच म्हणालं नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘ह्याला मसाल्याचा वासच नाही.’ पान झाकलं आणि काळ्या-पांढऱ्यात बघितलं की औषधाचं दुकान वाटत नाही. पाकिटावर शाकाहारीची हिरवी खूणही शेजारी येणार आहे.

मराठी नाव वाचताना मी अडखळते. एका दमात वाचलं जात नाही. त्यातला ‘ल’ आम्ही लिहितो तसा नाही, जुन्या पाटीवरच्या ‘ल’चा फोटो जोडलाय.

पाटीवर मराठी नाव इंग्रजीपेक्षा लहान चालणार नाही, तसा कायदा आहे. हे मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं, राहून गेलं. आमचं निम्मं गिऱ्हाईक पन्नाशीच्या पुढचं आहे आणि रस्त्यापलीकडून पाटी वाचतं. इंग्रजी नाव फक्त कुरिअरने जाणाऱ्या पाकिटांना लागतं.

बिलाच्या मशीनवर छापून बघितलं, त्याचाही फोटो आहे.

दुकानाचे चार फोटो पाठवतेय. यातलंच काही लोगोत घ्या असं म्हणणं नाही, आमच्याकडे आल्यावर काय दिसतं ते तुम्हाला कळावं म्हणून. पान आणि हिरवा रंग तुम्ही काही विचाराने घेतला असेल, तर तो मला सांगा, मी समजून घेईन. अंतिम निर्णय मी आणि सासूबाई मिळून घेणार आहोत, तिसरं कुणी नाही.”

शेवटची दोन वाक्यं मुद्दाम घातली आहेत. कधी कधी डिझायनरकडे खरंच कारण असतं. समजा, तुमच्या गल्लीतली बाकी सगळी मसाल्याची दुकानं लाल-पिवळी आहेत आणि तिने तुम्हाला वेगळं उठून दिसावं म्हणून हिरवा निवडला. तसं असेल तर हिरवा ठेवून औषधाचा भास घालवता येतो का, हा वेगळा आणि जास्त चांगला प्रश्न तयार होतो. गडद, किंचित तपकिरी छटेचा हिरवा, कढीपत्त्याच्या वाळलेल्या पानासारखा, मसाल्याच्या जवळ जाऊ शकतो. तिला बोलायला जागा दिली नाही तर ही शक्यता कधी समोर येणार नाही. आणि निर्णय कुणाचा ते सांगितलं नाही, तर दुसरा मसुदा मंजूर झाल्यावर मुंबईच्या दिरांचा फोन येतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. असं मी इतक्या वेळा पाहिलंय की हल्ली काम घेतानाच विचारून ठेवतो.

ही चिठ्ठी एकाच वेळी, एकाच मजकुरात पाठवा. सकाळी रंगाबद्दल, दुपारी ‘ल’बद्दल, रात्री अकराला “अजून एक” असे तुकडे पाठवले तर ती प्रत्येक तुकडा वेगळा दुरुस्त करत बसेल. पान, रंग, अक्षरं आणि मराठी नावाचा आकार या सगळ्याचा एकत्र विचार व्हायला हवा, कारण मराठी नाव मोठं केलं की गोल लहान होणार आणि गोल लहान झालं की आतलं पान तसंही टिकणार नाही. बोलून सांगायचं असेल तर फोन करा, पण नंतर तेच लिहूनही पाठवा.

एक गोष्ट पैशांची. ठरलेल्या रकमेत किती वेळा बदल करून मिळणार हे तिच्या कोटेशनमध्ये बघा. दोन किंवा तीन फेऱ्या असा करार असतो आणि “उठावदार करा” मध्ये त्यातली एक गेली. इंग्रजी मोठ्याऐवजी मराठी मोठं, हा नुसता बदल नाही, कामाची दिशाच फिरतेय. तिने त्याचे जास्तीचे पैसे मागितले तर ते मला रास्त वाटतात.

पुढचा मसुदा आला की फोनवर मोठा करून बघू नका. आधी तो चार सेंटिमीटर रुंद छापून पाव किलोच्या पाकिटावर चिकटवा, पाकीट बाकीच्या मालाबरोबर फळीवर ठेवा आणि गिऱ्हाईक उभं राहतं तिथे जाऊन सासूबाईंना दाखवा.